उतरत्या छपरावर सोलर पॅनेलची मांडणी: सावलीचं अंतर आणि फिरायची वाट

सपाट गच्चीवर पॅनेलच्या दोन ओळींमध्ये किती अंतर सोडायचं, याचे आकडे सहज मिळतात. तेच आकडे उतरत्या छपरावर लावले की गडबड होते. एका उतारावर जागा उगाच वाया जाते आणि पलीकडच्या उतारावर मागची ओळ हिवाळाभर सकाळी सावलीत राहते. छपराचा उतार सावलीची लांबी बदलतो, आणि तो कोणत्या दिशेला आहे त्यावर ती कमी होणार की जास्त हे ठरतं. हे एकदा समजलं की बाकीचं काम मेजरिंग टेप आणि कॅल्क्युलेटरचं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच छप्पर शेवटपर्यंत घेऊ. पत्र्याचं दुपाखी छप्पर, आढं पूर्व-पश्चिम, म्हणजे एक पाखं दक्षिणेला उतरतं आणि दुसरं उत्तरेला. दोन्हींचा उतार १० अंश. आढ्याची लांबी १८ मीटर, आढ्यापासून वळचणीपर्यंत पत्र्यावरून मोजलेलं अंतर ८ मीटर. जागेचा अक्षांश २० अंश उत्तर. पॅनेल ५५० वॅटच्या आसपासचं, २२७८ मिमी लांब आणि ११३४ मिमी रुंद. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच. विषुववृत्ताच्या दक्षिणेला राहणाऱ्यांनी उत्तर-दक्षिण अदलाबदल करून वाचावं.

आधी छपरावर जाऊन मोजा

सॅटेलाइट नकाशावरून छप्पर मोजण्याचा मोह होतो, पण नकाशा वरून दिसतो. आपलं ८ मीटरचं पाखं त्यावर ७.८८ मीटरच भरेल. १० अंशांना फरक किरकोळ आहे, ३० अंशांना तो मीटरभर होतो. त्यामुळे लांबी पत्र्यावरच टेप धरून घ्या. उतार मोजायला मोबाइलमधलं कोनमापक चालतं, मात्र ते थेट पत्र्यावर न ठेवता सरळ लांब पट्टीवर ठेवा, आणि तीन-चार ठिकाणी मोजून पाहा. पत्रा मध्ये कुठे बसलेला असेल तर तिथेच कळतं.

दिशेसाठी होकायंत्र पत्र्यावर नेऊ नका. लोखंडाजवळ काटा भरकटतो. जमिनीवर, इमारतीपासून लांब उभं राहून भिंतीच्या रेषेत दिशा घ्या, किंवा नकाशावरच्या आढ्याच्या रेषेवरून काढा. या कामाला नकाशा चांगला.

मग कच्च्या आराखड्यावर तीन गोष्टी आखा. पहिली, स्क्रूच्या रेषा. पत्र्यावर स्क्रूची ओळ जिथे दिसते तिथे खाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारा आडवा वासा असतो, आणि वजन पेलणारी जागा तीच. दुसरी, उजेडासाठी बसवलेले फायबरचे किंवा पॉलिकार्बोनेटचे पत्रे. धूळ बसल्यावर ते शेजारच्या पत्र्यासारखेच दिसतात आणि माणसाचं वजन पेलत नाहीत. छपरावरून पडण्याचे अपघात बऱ्याचदा इथेच होतात. म्हणून ते कागदावर लाल रंगाने भरा आणि वाट त्यांच्यावरून नेऊ नका. सिमेंटच्या पत्र्याचं तर सगळं छप्परच असं समजायचं. तिसरी, उभ्या वस्तू: नळ, व्हेंटिलेटर, टाकी, वीज पडण्यापासून वाचवणारा दांडा, शेजारची उंच भिंत.

पत्रा, पर्लिन आणि कैच्या हे वजन आणि वाऱ्याची ओढ सहन करतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या. आराखडा त्याच्या होकारानंतरच पुढे न्यायचा.

सूर्याचा कोन कोणता धरायचा

नेहमीचा ठोकताळा असा, की वर्षातल्या सर्वांत लांब सावलीच्या दिवशी, म्हणजे २१-२२ डिसेंबरला, सौर वेळेनुसार सकाळी ९ ते दुपारी ३ या काळात एका ओळीची सावली दुसरीवर पडू नये. सौर वेळ म्हणजे सूर्य बरोबर दक्षिणेला असताना बारा. घड्याळाशी ती जुळेलच असं नाही.

२० अंश अक्षांशावर त्या दिवशी ९ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २८ अंश वर असतो आणि दक्षिणेपासून ४७ अंश पूर्वेला. नवखा माणूस हेच २८ अंश सूत्रात घालतो. पण सावली तिरकी, वायव्येकडे पडते, आणि आपल्याला तिचा फक्त उत्तर-दक्षिण भाग हवा असतो, कारण ओळी त्या दिशेनेच एकामागे एक आहेत. त्यासाठी आधी बाजूने पाहिल्यावर दिसणारा कोन काढावा लागतो:

```
tan(P) = tan(h) / cos(A)
D = L × sin(g) / tan(P + b)   (दक्षिण उतार)
D = L × sin(g) / tan(P - b)   (उत्तर उतार)
```

यात `h` म्हणजे सूर्याची उंची, `A` म्हणजे ओळीचं तोंड ज्या दिशेला आहे तिच्यापासून सूर्य किती अंश बाजूला आहे, आणि `P` हा बाजूने दिसणारा कोन. आपल्या उदाहरणात `P` साधारण ३८.५ अंश येतो. `b` छपराचा उतार, `L` पॅनेलची उताराच्या दिशेतली लांबी, आणि `g` म्हणजे पॅनेल छपरापासून किती अंश उचललेलं आहे. क्षितिजापासून नव्हे. `D` म्हणजे पत्र्यावर मोजलेली दोन ओळींमधली मोकळी जागा.

सूत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतला फरक लक्षात घ्या. दक्षिणेला उतरणाऱ्या पाख्यावर मागची ओळ पुढच्या ओळीपेक्षा उंचावर असते, त्यामुळे सावलीला वर चढावं लागतं आणि ती आखडते. उत्तरेच्या पाख्यावर मागची ओळ खाली असते, सावली घसरत जाते आणि लांबते.

पॅनेल छपराला समांतर बसवलं तर `g` शून्य होतो आणि त्याबरोबर `D` ही शून्य होतं. समांतर पॅनेलच्या ओळी एकमेकींवर सावली टाकत नाहीत, कोणत्याही उतारावर नाहीत. तिथे अंतर सोडायचं ते माणसासाठी.

दक्षिणेचं पाखं: अंतर वाटेवरून ठरतं

इथे पॅनेल समांतर ठेवली की ती आपोआप १० अंश दक्षिणेला कलतात. २० अंश कलवली तर या अक्षांशावर वर्षभराच्या विजेत एक-दोन टक्क्यांची भर पडेल, आणि त्यासाठी उंच स्टँड, जास्त वारा आणि जास्त लोखंड पदरात घ्यावं लागेल. समांतरच बरं.

आता ८ मीटरमध्ये किती ओळी? उभ्या, म्हणजे लांब बाजू उताराच्या दिशेत असलेल्या पॅनेलच्या तीन ओळी एकमेकींना खेटून ठेवल्या तर ६.८७ मीटर लागतात, म्हणजे बसतात. कागदावर ही मांडणी फार छान दिसते: एका ओळीत १४, एकूण ४२ पॅनेल. बसवून झाल्यावर मधल्या ओळीतला एखादा क्लॅम्प सैल होतो किंवा कनेक्टर तापतो, आणि तिथवर पोचायला पॅनेलवर पाय ठेवण्यावाचून मार्ग उरत नाही. काच तुटत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. आतल्या सेलना मात्र बारीक तडे जातात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत.

म्हणून वाट हवी. हात-ब्रश पुरेल अशी खोली साधारण एका उभ्या पॅनेलएवढी, सव्वादोन मीटर धरा. वाटेची रुंदी निदान ६० सेंमी. आणि वळचणीच्या काठावर कोणी उभं राहून काम करेल हे गृहीत धरायचं नाही. तिथली ६० सेंमी जागा सोडायची ती काठाला वाऱ्याची ओढ जास्त असते म्हणून आणि पावसाचं पाणी पन्हळीत नीट पडावं म्हणून.

खालून वर मांडत जाऊ. वळचणीला ६० सेंमी मोकळे. मग उभ्या पॅनेलची एक ओळ, २.२८ मीटर. मग ६० सेंमीची वाट. मग पुन्हा उभी ओळ, २.२८ मीटर. तिच्या डोक्याशी २ सेंमी फट सोडून आडव्या पॅनेलची एक ओळ, १.१३ मीटर. एकूण ६.९१ मीटर झाले, आढ्यापाशी १.०९ मीटर उरले.

वाट नेमकी इथेच का, ते पाहा. दोन्ही उभ्या ओळी खाली एकत्र ठेवून वाट त्यांच्या वर नेली असती तरी पॅनेलची संख्या तीच राहिली असती. पण मग सर्वांत खालची ओळ धुवायला साडेचार मीटर लांबून ब्रश चालवावा लागला असता, नाहीतर वळचणीवर उभं राहावं लागलं असतं. वाट मधोमध घेतली की खालची ओळ तिच्या वरच्या बाजूने, दुसरी ओळ खालच्या बाजूने आणि आडवी ओळ आढ्यावरून हाताळता येते. काठावर जायची गरजच पडत नाही.

आता लांबी. १८ मीटरच्या मधोमध वळचणीपासून आढ्यापर्यंत ६० सेंमीची उभी वाट सोडा. शिडी लावायची ती याच वाटेच्या तोंडाशी. दोन्ही बाजूंना उभ्या पॅनेलचे सात-सातचे गट, दोन पॅनेलमध्ये २ सेंमी क्लॅम्पची जागा धरून प्रत्येकी ८.०६ मीटर. दोन्ही टोकांना ६४ सेंमी उरतात. आडव्या ओळीत प्रत्येक बाजूला तीन पॅनेल बसतात. एकूण २८ आणि ६, म्हणजे ३४.

४२ वरून ३४ वर येताना जीव खालीवर होतो, खरं आहे. तरी आठ पॅनेल मिळवून बाकीच्यांची देखभाल अशक्य करणं मला पटत नाही. अनेक ठिकाणी अग्निसुरक्षेचे नियम आढ्यापर्यंतची वाट सक्तीची करतात आणि ६० सेंमीपेक्षा जास्त रुंदीही मागतात, तेव्हा आराखडा पक्का करण्याआधी स्थानिक नियम पाहा.

उभ्या वाटेचा आणखी एक फायदा. पॅनेल जिच्यावर बसतात ती ॲल्युमिनियमची रेल उन्हात लांबते: १६ मीटरची अखंड रेल ५० अंश तापमानफरकाला सुमारे १८ मिमी. ती अडली की फास्टनर ओढले जातात आणि पावसाळ्यात त्याच भोकांतून गळती सुरू होते. रेल वाटेपाशी तोडली की प्रश्न निम्मा होतो आणि गटामध्ये पॅनेलही ताणली जात नाहीत. दोन्ही बाजूंचं अर्थिंग मात्र लवचीक तारेने जोडायला विसरू नका.

वाट पर्लिनवर आणा

आपल्या पाख्यावर वळचणीपासून ३० सेंमीवर पहिला पर्लिन आणि पुढे दर १.४ मीटरवर एक, असं समजू. मग एक पर्लिन ३.१ मीटरवर येतो आणि आपली वाट २.८८ ते ३.४८ मीटरच्या मध्ये आहे. पाऊल बरोबर आधारावर पडेल. तुमच्या छपरावर असं जुळलं नाही तर सगळ्या ओळी वाटेसकट दहा-वीस सेंमी खाली-वर सरकवा, म्हणजे वाट पर्लिनवर येईल. पत्र्यावर नुसतं चालण्यापेक्षा जाळीचा वॉकवे पत्र्याच्या उंचवट्यांवर पक्का करणं चांगलं. वजन पसरतं आणि शेवाळ धरलेल्या पत्र्यावर घसरायची भीती राहत नाही. आढ्याजवळ दोर अडकवायचे हुक या आराखड्यातच दाखवा. पॅनेल चढल्यावर त्यांना जागा शोधणं अवघड जातं.

पॅनेलच्या रेल मात्र पर्लिनशी क्वचितच जुळतात. पॅनेलवर क्लॅम्प कुठे लावायचा याचा पट्टा उत्पादकाने ठरवून दिलेला असतो, बहुधा लांब बाजूवर टोकापासून पाव लांबीच्या आसपास. आपल्या पहिल्या ओळीखाली तर एकच पर्लिन येतो, १.७ मीटरचा. अशा वेळी उताराच्या दिशेने जाणारी खालची रेल पर्लिनना बांधायची आणि तिच्यावर आडवी रेल हव्या त्या जागी टाकायची. क्लॅम्पच पर्लिनकडे सरकवून काम उरकणं ही चूक आहे. पॅनेल वाऱ्यात फडफडतं आणि वॉरंटीही जाते. पत्रा आणि पॅनेल यांच्यामध्ये दहा-पंधरा सेंमी हवा खेळती राहिली की पॅनेल कमी तापतं.

उत्तरेचं पाखं: इथे सावलीचा हिशेब

इथे दोन पर्याय आहेत. पॅनेल समांतर ठेवून १० अंश उत्तरेला कललेली राहू द्यायची, किंवा मागून उचलून दक्षिणेला तोंड करायचं.

उचलायचं ठरवलं आणि दक्षिणेला १० अंश कल हवा, तर छपरापासून २० अंश उचलावं लागेल, कारण पहिले दहा उलटा उतार भरून काढण्यातच जातात. उभं पॅनेल घेतलं तर त्याची वरची कड ७८ सेंमी उंच जाते आणि मोकळी जागा १.४४ मीटर लागते. सपाट गच्चीवर हेच पॅनेल १० अंश कलवलं असतं तर ५० सेंमी पुरले असते. गच्चीचा आकडा इथे वापरला की काय होतं ते यावरून दिसेल.

पॅनेल आडवं घेतलं तर कड ३९ सेंमीवर येते आणि अंतर ७२ सेंमी. जागेचं प्रमाण तेच राहतं, तरीही मी आडवंच घेईन. वाऱ्याला धरायला कमी उंची मिळते आणि ७२ सेंमीची सावलीची जागा वाट म्हणूनही चालते, वेगळी वाट सोडावी लागत नाही. शिवाय हल्लीच्या अर्ध्या सेलच्या पॅनेलमध्ये सेलचे तीन पट्टे लांब बाजूला समांतर असतात. आडव्या पॅनेलच्या खालच्या कडेला सावली शिवली तर एकच पट्टा बायपास डायोडमधून वगळला जातो आणि बाकीचे दोन चालू राहतात. उभ्या पॅनेलच्या खालच्या कडेला तेवढीच सावली पडली तर तिन्ही पट्ट्यांचा खालचा भाग अडतो, आणि जवळपास निम्मं पॅनेल हातचं जातं.

आडव्या ओळी १.७८ मीटरच्या टप्प्याने लावल्या तर या पाख्यावर चार ओळी बसतात. उभ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना चार आणि तीन अशी प्रत्येक ओळीत सात, एकूण २८.

समांतर ठेवली तर दक्षिणेसारखीच ३४ बसतात. उत्तरेला १० अंश कललेलं पॅनेल या अक्षांशावर दक्षिणेला १० अंश कललेल्यापेक्षा वर्षभरात ढोबळमानाने दहावा हिस्सा कमी देतं. डिसेंबरच्या दुपारी तूट जास्त असते, थेट उन्हाचा विचार केला तर सुमारे २९ टक्के. जूनच्या दुपारी उलट उत्तरेचं पॅनेल किंचित पुढे असतं, कारण सूर्यच डोक्यावरून उत्तरेला गेलेला असतो. ३४ मधून दहावा हिस्सा वजा केला तर साडेतीस उरतात, २८ पेक्षा जास्तच. लोखंड कमी, वाऱ्याची चिंता कमी. म्हणून या छपरावर उत्तरेलाही समांतर मांडणीच घ्यायची.

हा निकाल सगळीकडे लागू करू नका. ही तूट साडेसतरा टक्क्यांच्या पुढे गेली की पारडं फिरतं. अक्षांश जास्त असेल किंवा उतार १०च्या ऐवजी २०-२५ अंश असेल तर ती सहज पुढे जाते. तेव्हा उत्तरेचं पाखं मोकळं सोडणं हाही पर्याय तपासा. पॅनेलच मोजकी घ्यायची असतील, जागा भरपूर असेल, तरीही हिशेब बदलतो.

दोन पाख्यांची पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलच्या साखळीत जोडू नका. त्यांच्यावर पडणारं ऊन वेगळं, म्हणून प्रवाहही वेगळा. इथे प्रत्येक पाख्यावर १७-१७च्या दोन स्ट्रिंग होतात आणि प्रत्येक पाख्याला इन्व्हर्टरचं स्वतंत्र एमपीपीटी, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारं इनपुट द्यायचं. थंडीत वाढणारं व्होल्टेज इन्व्हर्टरच्या मर्यादेत राहतं ना, हे डेटाशीटवरून पडताळा.

नळ आणि टाक्या

आढ्यावर ६० सेंमी उंचीचा एक बारीक उभा नळ आहे असं धरा. डिसेंबरात सकाळी ९ वाजता त्याच्या सावलीचं टोक उत्तरेच्या पाख्यावर आढ्यापासून साधारण एक मीटर खाली आणि एक मीटर पश्चिमेला येतं. दुपारी ३ वाजता तितकंच पूर्वेला. आपण आढ्यापाशी १.०९ मीटर सोडलेत, म्हणून नळ निसटतो. तोच नळ ९० सेंमी असता तर सावली वरच्या ओळीत घुसली असती, आणि मग तिथली एक-दोन पॅनेल गाळायची किंवा नळ हलवायचा. दक्षिणेच्या पाख्याला हिवाळ्यात या नळाचा त्रास नाही. पण उष्णकटिबंधात उन्हाळ्याचे काही आठवडे सूर्य उत्तरेकडून जातो आणि सावली दक्षिणेला पडते. दुपारी ती आखूड असते. सकाळ-संध्याकाळची लांब सावली मात्र टाकीसारख्या रुंद वस्तूसाठी तपासून ठेवा.

आखणी आणि पडताळणी

आराखडा झाला की छपरावर दोरी ताणून खडूने आखा. पहिली रेषा आढ्याला समांतर घ्या, वळचणीला नव्हे. वळचणीचा पत्रा अनेकदा तिरका कापलेला असतो आणि पॅनेलची ओळ लगेच वाकडी दिसते. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्ण मोजून बघा: दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट बरोबर. मग खडूच्या वाटेवरून हातात ब्रश धरून एकदा चालून या. कुठे हात पोचत नाही, कुठे वळता येत नाही, ते ड्रिल लावण्याआधी कळतं.

बसवून झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात इन्व्हर्टरचा दिवसाचा आलेख पाहत जा. निरभ्र दिवसांत रोज त्याच वेळी आलेखात खाच पडते आणि फेब्रुवारीपर्यंत ती भरून निघते, तर ती सावली. त्या वेळी छपरावर जाऊन कोणत्या कडेवर काय पडतंय ते पाहा. आलेख दिवसभर सारखाच खाली बसत चालला आणि धुतल्यावर वर आला, तर ती धूळ. दोन्ही नसताना एकाच स्ट्रिंगचा प्रवाह कमी दिसत असेल, तर त्या ओळीतले कनेक्टर तपासायला वाटेवर उतरा.